बारशाच्या फोटोत अर्धा चेहरा निळा, अर्धा नारिंगी: ट्यूब आणि बल्बच्या मिश्र उजेडाचं काय करायचं

आत्या पाळण्यावर वाकली आहे, बाळाच्या कानात नाव सांगते आहे. हा फोटो चुकला तर पुन्हा मिळत नाही. घरी येऊन स्क्रीनवर उघडला, तर आत्याच्या उजव्या गालावर निळसर-हिरवी झाक, डाव्या गालावर नारिंगी, आणि बाळाचं पांढरं झबलं एका बाहीला आकाशी, दुसऱ्या बाहीला केशरी. लाइटरूम या फोटो सुधारायच्या प्रोग्राममध्ये Temp ची पट्टी डावीकडे, म्हणजे निळ्याकडे ओढली की नारिंगी जाते आणि आत्या आजारी दिसायला लागते. उजवीकडे ओढली की उजवा गाल सुधारतो आणि पाळण्याला आग लागल्यासारखं दिसतं. मधोमध ठेवली तर दोन्ही बाजू थोड्या थोड्या बिघडलेल्या.

सोसायटीचे हॉल, देवळाची सभागृहं, घरचे दिवाणखाने, सगळीकडे मला हेच भेटतं. सुरुवातीला मी तासन्‌तास ती एकच पट्टी मागेपुढे करत बसायचे. त्या पट्टीने हे सुटणारच नाही, हे उशिरा कळलं.

आधी रोग ओळखा

रंग बिघडलाय म्हटलं की आपण थेट दुरुस्तीला बसतो. पण इथे तीन वेगवेगळे बिघाड एकसारखे दिसतात आणि तिघांचे उपाय वेगळे आहेत.

फोटोभर एकच झाक असेल, म्हणजे भिंत, चेहरा, झबलं, सगळंच सारखं पिवळं, तर तो साधा व्हाइट बॅलन्स आहे. रंग टिपणारा ड्रॉपर उचला, राखाडी जागेवर टेकवा, काम झालं. त्यावर जास्त बोलण्यात अर्थ नाही.

एकाच फोटोत जागेनुसार झाक बदलत असेल, तर तो मिश्र उजेड. व्हाइट बॅलन्स म्हणजे कॅमेऱ्याला दिलेलं एक उत्तर: ‘उजेड या रंगाचा आहे, तो वजा कर.’ उजेड दोन रंगांचे असतील तर एका उत्तराने एकच वजा होतो. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात: आकडा जितका लहान तितका उजेड नारिंगी, जितका मोठा तितका निळा. तारेचा बल्ब साधारण २७०० ते २८५० केल्विनचा. आपल्याकडच्या बहुतेक पांढऱ्या ट्यूबवर ६५०० लिहिलेलं असतं. शिवाय जुन्या चोकवाल्या ट्यूबमध्ये पारा असतो आणि त्याची ५४६ नॅनोमीटरची हिरवी रेघ उजेडात ठळक असते. म्हणून ट्यूबखाली नुसतं निळं नाही, हिरवंही दिसतं, आणि ते Temp ने जात नाही. त्यासाठी Tint ही दुसरी पट्टी जांभळटकडे न्यावी लागते.

तिसरा बिघाड सगळ्यांत फसवा. एकाच जागेवरून, एकाच सेटिंगला सलग सात-आठ फ्रेम काढल्या आणि प्रत्येकीत रंग वेगळा आला, तर दोष ट्यूबच्या लुकलुकण्याचा असू शकतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. शटर १/२०० ला असेल तर एका फ्रेमला त्यातला अर्धाच ठोका मिळतो. कधी उजळ भाग, कधी मंद. मंदावताना ट्यूबच्या आतल्या लेपातला निळा आधी विझतो आणि बाकीचे रंग थोडे रेंगाळतात, म्हणून मंद फ्रेम नुसती काळोखी नाही तर पिवळट-तपकिरी येते. कधी फ्रेमचा वरचा भाग एका रंगाचा, खालचा दुसऱ्या.

खात्री करायची असेल तर कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढून ४००० केल्विनवर पक्का करा, शटर १/५०० ला न्या आणि ट्यूबखालच्या भिंतीच्या आठ-दहा फ्रेम सलग काढा. भिंत फ्रेमागणिक बदलली तर लुकलुक. न बदलली तर आधीचा दोष ऑटो व्हाइट बॅलन्सचा होता: तो प्रत्येक फ्रेमला नव्याने अंदाज करतो, आणि केशरी साडी फ्रेममध्ये आली की उजेडच केशरी आहे असं समजून सगळं निळं करतो.

लुकलुकीवर उपाय एकच, शटर १/१०० किंवा १/५० ठेवा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला पूर्ण ठोका मिळेल. अमेरिकेत बारशाचे फोटो काढत असाल तर तिथे वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे १/६० किंवा १/१२५. काही कॅमेऱ्यांत लुकलुक पाहून शटर सोडायची सोय असते, ती असेल तर जरूर वापरा. स्वस्तातल्या काही एलईडी ट्यूबही लुकलुकतात, तेव्हा ‘एलईडी आहे, चिंता नाही’ असं गृहीत धरू नका.

तो फोटो

हॉल सोसायटीचा. बाजूच्या भिंतींवर चार ट्यूब, त्यातल्या दोन जुन्या चोकवाल्या, दोन नव्या एलईडी. पाळण्याच्या कमानीला डेकोरेटरने तारेच्या पिवळ्या बल्बची माळ लावलेली. छताला पोपटी रंग. तो छताचा पोपटी लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सुदैवाने फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने रंग पक्का न केलेल्या फाइलमध्ये होते आणि शटर १/१०० ला होतं. त्याहून मोठं सुदैव म्हणजे बायका जमायच्या आधी पाळण्यात राखाडी कार्ड ठेवून मी दोन फ्रेम काढल्या होत्या: एक कार्ड बल्बकडे तिरकं करून, एक ट्यूबकडे. कार्डाऐवजी कोरा पांढरा कागद किंवा नवं झबलं चालेल असं वाटतं, पण कागदात आणि धुण्याच्या पावडरीत चमक आणणारी द्रव्यं असतात. उजेडात थोडी अतिनील किरणं असली की ती निळसर चमकतात आणि ड्रॉपर फसतो, सगळा फोटो जरा पिवळा होऊन बसतो. फ्लॅशखाली आणि जुन्या ट्यूबखाली हे हमखास होतं.

ड्रॉपर पहिल्या कार्डावर टेकवला तर Temp २८५०, Tint जवळपास शून्य. दुसऱ्यावर ५६००, Tint +२२. ट्यूबवर ६५०० लिहिलंय आणि इथे ५६०० कसे? कारण ट्यूबकडे वळवलेल्या कार्डावरही बल्बचा थोडा उजेड पडतोच. म्हणूनच डब्यावरचा आकडा वापरू नये, जागेवर मोजलेला वापरावा.

आता २८५० आणि ५६०० यांच्यामध्ये सुरुवात कुठे करायची? सरळ सरासरी ४२२५ येते, पण ती डोळ्याला मधली वाटत नाही, नारिंगीकडे झुकलेली दिसते. केल्विनची पायरी खालच्या बाजूला मोठी असते: २८०० वरून ३३०० वर गेलं की रंग ठळक बदलतो, ६००० वरून ६५०० वर गेलं तर जेमतेम. म्हणून दहा लाखाला केल्विनने भागून येणारा आकडा घ्यायचा, त्याला मायरेड म्हणतात. २८५० चे ३५१, ५६०० चे १७९, मध्य २६५. परत उलटा भागाकार केला की साधारण ३७७५ केल्विन. Tint मी +१० वर ठेवला. दोन्ही बाजू अजून चुकलेल्याच होत्या, पण सारख्याच अंतराने, आणि पुढच्या कामाला हेच हवं असतं. एक बाजू पूर्ण बरोबर ठेवून दुसरी ओढत आणली, तर ती दुरुस्ती इतकी मोठी होते की कडा दिसायला लागतात.

मग मास्क, म्हणजे फोटोचा हवा तेवढाच भाग निवडून त्यापुरती दुरुस्ती. लाइटरूममध्ये मास्कच्या आतल्या Temp ला केल्विन नसतात, उणे १०० ते अधिक १०० अशी नुसती सापेक्ष पट्टी असते, त्यामुळे तिथे डोळ्याने आणि आकड्यांनी जायचं. पहिला मास्क ब्रशने, मऊ कडेचा, आत्याचा उजवा गाल, कान, मान आणि झबल्याची उजवी बाही यांवर. Temp +२४, Tint +९. दुसरा डाव्या गालावर आणि डाव्या बाहीवर, Temp −१४, Tint ला हात नाही. नारिंगी बाजू मी मुद्दाम पूर्ण उतरवली नाही. पाळण्यावर बल्ब आहेत हे फोटोत दिसतंय, त्यामुळे त्या बाजूचा ऊबदार रंग डोळ्याला खरा वाटतो. निळी त्वचा मात्र कधीच खरी वाटत नाही. कुठे शंका आली तर मी नेहमी पिवळ्याच्या बाजूने चुकते.

दोन रंगांची सीमा बहुतेक वेळा नाकाच्या रेषेवर पडते. तिथे मास्कची कडा धारदार राहिली तर नाकावर राखाडी पट्टा उमटतो. ब्रशचा मऊपणा पुरेपूर वाढवा आणि दोन मास्क एकमेकांवर थोडे चढू द्या. तरी पट्टा राहिला तर समजा की एकाची दुरुस्ती जास्त झाली आहे. ती कमी करा, तिसरा मास्क चढवत बसू नका.

मागची भिंत अजून निळी होती. तिच्यासाठी Color Range ने निळा निवडला, आणि भिंतीबरोबर आत्याच्या पैठणीचे मोरपंखी काठही निवडले गेले. हे पाहिलं नाही तर काठ मातकट होतात, आणि पैठणी नेसणारी बाई ते एका नजरेत ओळखते. मास्कमधून Subtract घेऊन साडी ब्रशने वगळली, मग भिंतीला Temp +१५ आणि Saturation −२५. भिंतीच्या बाबतीत रंग नुसता फिका केला तरी भागतं, कारण भिंतीचा खरा रंग कोणाला आठवत नाही. त्वचेवर मात्र Saturation उतरवून झाक लपवू नका, चेहरा मातीचा होतो.

डार्कटेबल वापरत असाल तर हेच काम color calibration या मॉड्यूलच्या दोन प्रती घेऊन, प्रत्येकीला आपला मास्क देऊन होतं, आणि तिथे केल्विन खरेखुरे मिळतात. फक्त white balance हे मॉड्यूल camera reference वर ठेवा, नाहीतर दुरुस्ती दोनदा लागते आणि प्रोग्राम तसा इशाराही देतो.

झालं की नाही, कसं ओळखायचं

डोळा दहा मिनिटांत कुठल्याही झाकेला सरावतो, म्हणून मी आकडे बघते. लाइटरूममध्ये फोटोवर बाण नेला की हिस्टोग्रामखाली लाल, हिरवा, निळा यांचे टक्के दिसतात. पांढऱ्या झबल्यावर तिन्ही आकडे एकमेकांच्या दोन-तीन टक्क्यांत हवेत. त्वचेवर ते कधीच सारखे नसतात: आपल्या सगळ्या वर्णांत लाल सर्वांत वर, मग हिरवा, आणि निळा सर्वांत खाली. आत्याचा डावा गाल ७४, ५८, ४७ होता. उजवा सुरुवातीला ६०, ६०, ६३, म्हणजे निळा चक्क लालाच्या वर, आणि हीच आजारी दिसण्याची खूण. मास्कनंतर उजवा ६८, ५६, ४८ झाला. दोन्ही गाल सारखे झाले नाहीत, व्हायलाही नकोत, कारण एक बाजू उजळ आहे. पण उतरंड सारखी झाली.

एक हास्यास्पद चूकही सांगून ठेवते, कारण ती माझ्याकडून दोन रात्री झाली. संगणकाची रात्रीची पिवळी स्क्रीन चालू होती. पिवळ्या स्क्रीनवर बरोबर दिसणारे फोटो सकाळी पाहिले तर सगळे निळे. रंगाचं काम करताना Night light बंद, आणि टेबलावरचा पिवळा दिवाही बंद.

जे सुटत नाही

बल्बच्या उजेडात निळा मुळातच कमी असतो. २८५० च्या फोटोत तटस्थ रंग आणायला निळा बराच वाढवावा लागतो, आणि त्याबरोबर त्यातले दाणेही वर येतात. म्हणून बल्बखाली थोडं जास्त एक्स्पोजर द्या. पण लाल वाहिनी आधीच भरलेली असते, त्यामुळे कुंकू, लाल खण, केशरी फुलं यांवर लक्ष ठेवा. तिथला लाल काठोकाठ भरून फुटला की घडी-चुण्या गायब होतात आणि कुठल्याही पट्टीने परत येत नाहीत.

स्वस्त एलईडी ट्यूबमध्ये गडद लाल जवळजवळ नसतो. तिच्याखाली व्हाइट बॅलन्स अगदी अचूक केला, झबलं पांढरंशुभ्र झालं, तरी ओठ आणि गाल निर्जीव दिसतात. उजेडातच जो रंग नव्हता तो फोटोत कुठून येणार? मी चेहऱ्यावर थोडा लाल चढवते, पण ती रंगरंगोटी आहे, दुरुस्ती नव्हे. डेकोरेटरने जांभळा किंवा निळा पार लाइट थेट चेहऱ्यावर सोडला असेल तर त्या फोटोचा कृष्णधवल करून मोकळं व्हावं.

फोनवरच्या किंवा जेपीजीमधल्या फोटोंना हीच पद्धत लागते, पण आकडे निम्म्यावर ठेवा. तिथे व्हाइट बॅलन्स आधीच भाजून पक्का झालेला असतो, जास्त ओढलं की गालावर रंगाचे थर दिसतात.

आणि चारशे फोटोंना मास्क लावत बसू नका. ब्रशचा मास्क दुसऱ्या फोटोवर चिकटवला की तो जागच्या जागी राहतो, माणूस मात्र हललेला असतो. मी आधी जागेप्रमाणे गट करते: पाळण्याजवळचे, खुर्च्यांवरचे, जेवणाचे. प्रत्येक गटाला एकच व्हाइट बॅलन्स, आणि मास्क फक्त अल्बममध्ये जाणाऱ्या वीस-पंचवीस फोटोंना. औक्षणाचे फोटो मी वेगळे काढून ठेवते. निरांजनाची ज्योत साधारण १९०० केल्विनची, ती पांढरी करायचा प्रयत्न केला तर बाकी सगळं शाईत बुडतं. तिथे पिवळं तसंच ठेवायचं.

पुढच्या वेळी हॉलवरच

मास्कला लागणारा बहुतेक वेळ दोन बटणांनी वाचतो. हॉलवर लवकर पोचा आणि पाळण्याच्या जवळच्या दोन ट्यूब बंद करायला सांगा. “दादा, नाव ठेवताना फक्त पाच मिनिटं या दोन बंद ठेवाल का? फोटोत कमान छान उठून दिसेल,” असं म्हटलं की डेकोरेटर स्वतः पुढे होतो, कारण कमान त्याची असते. केल्विनचं गणित त्याला सांगू नका.

ट्यूब बंद केल्यावर उजेड कमी पडतो, म्हणून फ्लॅश. उघडा फ्लॅश साधारण ५५०० चा, म्हणजे तुम्ही तिसरा रंग आणलात. त्याच्यावर बल्बच्या रंगाचा नारिंगी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक पडदा लावायचा. फ्लॅशचे १८२ मायरेड, बल्बचे ३५१, फरक १६९. ली कंपनीचा २०४ क्रमांकाचा पूर्ण नारिंगी जेल १५९ ची भर घालतो, म्हणजे फ्लॅश २९३० च्या आसपास येतो. बल्बपासून इतका जवळ की फरक दिसत नाही. मग कॅमेरा २९०० ते ३२०० मध्ये पक्का करा आणि ऑटो विसरा. जेल थोडा उजेड खातो, फ्लॅश तेवढा वाढवा. शाळेच्या हस्तकलेचा नारिंगी जिलेटीन पेपर एकदा मी लावून पाहिला होता. प्रत्येक चेहरा गाजरासारखा आला.

बल्ब नसून नुसत्या ट्यूब असतील तर उलट: नारिंगी नको, फिका हिरवा जेल लावा आणि Tint ने सगळंच एकदम जांभळटकडे आणा. फ्लॅश आणि ट्यूब एका रंगाच्या झाल्या की एक व्हाइट बॅलन्स पुरतो.

आता ते पोपटी छत. फ्लॅश छतावर उडवायची सवय असते, मलाही होती. त्या हॉलमध्ये पहिले काही फोटो तसे काढले आणि सगळ्यांच्या डोक्यावर, कपाळावर हिरवट उजेड उतरला, हनुवटीखाली मात्र नाही. तो मिश्र उजेड मी स्वतःच तयार केला होता. छत रंगीत असेल तर फ्लॅश मागच्या पांढऱ्या भिंतीवर उडवा, तीही नसेल तर छोटी पांढरी छत्री. त्या दिवशी छत्री नव्हती. आजींनी पाळण्याखाली अंथरायला आणलेली धुवट पांढरी चादर दोन मावश्यांनी माझ्या मागे धरली, आणि बाकीचे फोटो त्या चादरीवर फ्लॅश उडवून झाले.